कॅसेटमधला सेव का उडतो आणि आतली बॅटरी कशी बदलायची : पोकेमॉन गोल्डच्या एका कॅसेटची पूर्ण कहाणी

डिसेंबरात माझा आत्तेभाऊ न्यू जर्सीहून इंदूरला आला तेव्हा रामबागच्या आमच्या घरात माळ्यावरचा स्टीलचा डबा उघडला, आणि त्यात त्याचा जुना गेम बॉय कलर, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम निघाला, सोबत पोकेमॉन गोल्डची कॅसेट. (हो, आम्ही कॅसेटच म्हणतो, कार्ट्रिज वगैरे कोणी म्हणत नव्हतं, म्हणून इथे पण कॅसेटच लिहिणार.) दोन पेन्सिल सेल टाकले, चालू केला, आणि स्क्रीनवर CONTINUE आलं. २००१ सालचा सेव, म्हणजे तेव्हा जिथवर खेळला होता ती साठवलेली प्रगती, अजून जिवंत. दादा तर गप्पच झाला एकदम. आणि मी पहिलं काम काय केलं तर त्याच्या हातातून कॅसेट काढून घेतली आणि म्हटलं आता हिला बॅकअप घेईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

कारण माझी स्वतःची सिल्व्हरची कॅसेट मी अशीच घालवलीय. काही वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं की आतली बॅटरी जुनी झालीय, बदलून घे, म्हणून मी एका दुकानात नेली, त्याने दहा मिनिटांत जुना सेल काढून नवा लावून दिला, काम पण साफ होतं, पण घरी येऊन लावली तर फक्त NEW GAME. त्या दुकानदाराचा काही दोष नाही, त्याला माहीतच नव्हतं आत काय आहे, आणि मला पण नव्हतं. म्हणून हा सगळा लेख, आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: बॅटरी बदलणं म्हणजे सेव वाचवणं नाही. जुना सेल निघाला त्या क्षणी सेव गेला. आधी सेव बाहेर काढायचा, मग सेल बदलायचा, मग सेव परत आत घालायचा. असं तीन टप्प्यांचं काम आहे हे.

सेव राहतो कुठे

कॅसेटमध्ये दोन वेगळ्या मेमरी असतात. एकीत गेम असतो, ती रॉम, ती कारखान्यातच भरून येते आणि तिला वीज असो नसो काही फरक पडत नाही, म्हणून गेम कधी "उडत" नाही. दुसरी छोटी चिप असते एसरॅमची, गोल्ड-सिल्व्हरमध्ये ३२ किलोबाइटची, आणि तुमचं नाव, तुमचे पोकेमॉन, पैसे, बॅजेस सगळं तिच्यात. एसरॅम वेगाने लिहिते, कितीही वेळा लिहा झिजत नाही, पण तिची एकच अट आहे की तिला सतत थोडी वीज मिळत राहिली पाहिजे. वीज तुटली की सगळं विसरली. मग कॅसेट डब्यात पडलेली असताना वीज कुठून येणार? तर त्यासाठी आत ३ व्होल्टचा बटण सेल सोल्डर केलेला असतो. तेव्हा वीज नसताना पण लक्षात ठेवणाऱ्या मेमरी महाग आणि सुस्त होत्या, म्हणून हा मार्ग. अमेरिकेत १९८७ साली झेल्डाची पहिली सोनेरी कॅसेट आली त्यात पण हाच प्रकार होता.

आपल्याकडे ज्या पिवळ्या-लाल कॅसेटी मिळायच्या, टीव्हीला लावायच्या क्लोन गेमच्या, नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेमवाल्या, त्यांच्यात बहुतेक हे काही नसायचंच, म्हणून आपल्या पिढीला कॅसेटमध्ये बॅटरी असते हे ऐकूनच नवल वाटतं.

आता एक प्रश्न येतो जो मला सगळे विचारतात, की बॅटरी मेली असेल तर गेम चालतो कसा, आणि सेव पण होतो कसा? तर आत एक छोटी कंट्रोलर चिप असते, तिचं काम म्हणजे पहारेदारी. गेम बॉय चालू असला की ती एसरॅमला गेम बॉयची ५ व्होल्टची वीज देते, आणि बंद झाला की सेलवर वळवते. त्यामुळे सेल पूर्ण मेलेला असला तरी गेम चालतो, सेव केलं तर सेव झालं म्हणून सांगतो पण, खोटं नाही सांगत, खरंच झालेलं असतं. बंद केल्यावर मात्र पाठीमागे कोणी नसतं. संध्याकाळी सेव केलं, सकाळी CONTINUE गायब, हे लक्षण दिसलं की समजायचं सेल गेला.

इथे एक फसगत आहे. लगेच बंद-चालू करून बघितलं तर सेव दिसू शकतो, कारण एसरॅम इतकी कमी वीज खाते की कॅपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर काही सेकंद, कधी त्याहून जास्त, टिकून राहते. म्हणून तपासणी करायची तर सेव करा, बंद करा आणि रात्रभर ठेवा. पाच सेकंदांत बघून "चालतेय की" म्हणून कोणी कॅसेट विकत असेल तर ती तपासणी नव्हे.

गोल्ड-सिल्व्हरचा सेल लवकर का संपतो

सेलवर लिहिलेला नंबर म्हणजे त्याचं माप असतं. सीआर २०२५ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी. गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये हाच असतो. ह्यात साधारण १६० मिलीअँपिअर-तास वीज मावते. हिशोब करून बघा, मी दादाच्या कॅसेटवर मोजली तेव्हा कॅसेट बंद असताना दीड मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज जात होती (कशी मोजली ते पुढे सांगतो). १६० मिलीअँपिअर-तास म्हणजे १,६०,००० मायक्रोअँपिअर-तास, त्याला दीडने भागलं तर एक लाख सहा हजार तास, म्हणजे बारा वर्षं. पण कॅसेट गेम बॉयमध्ये चालू असते तेव्हा सेलवर भार नसतो, आणि प्रत्येक कॅसेटची चिप वेगळी, म्हणून कोणाचा दहा वर्षांत जातो, कोणाचा वीसच्या पुढे जातो.

ह्या तीन गेममध्ये सेल एकटा एसरॅमला सांभाळत नाही, घड्याळ पण सांभाळतो. दिवस-रात्र, वार, हे सगळं गेमच्या आत चालू राहतं ना, गेम बॉय बंद असताना पण, ते त्याच सेलवर. आत एक ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो, मनगटी घड्याळात असतो तोच, तो चोवीस तास थरथरत असतो. म्हणून रेड-ब्लूमध्ये घड्याळ नसल्याने त्यांचा सेल तुलनेने जास्त टिकतो आणि नंतर आलेल्या गोल्डचा आधी मरतो.

आणि उष्णता. सेल वापरला नाही तरी आतल्या आत थोडा थोडा संपत असतो, आणि जितकं गरम तितका लवकर. आमच्याकडे मे महिन्यात माळ्यावर हात लावता येत नाही पत्र्याला, तिथे वीस वर्षं ती कॅसेट होती आणि तरी सेव टिकला हे नशीबच. तुमच्याकडे असेल तर आजच खाली काढा, खोलीतल्या कपाटात ठेवा.

अजून एक, पोकेमॉनच्या नंतरच्या रुबी आणि सफायर गेमवाले लोक घाबरून विचारतात. त्यांच्यात चालू करताना "The internal battery has run dry" असा मेसेज येतो. तिथे सेव फ्लॅश मेमरीत असतो, त्याला बॅटरी लागतच नाही. बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे, तुमचा सेव सुरक्षित आहे, निवांत राहा. हा पूर्ण लेख गोल्ड-सिल्व्हर-क्रिस्टल आणि त्यांच्यासारख्या एसरॅमवाल्या कॅसेटींचा आहे.

पहिला टप्पा : सेव बाहेर काढणे

ह्यासाठी कार्ट्रिज रीडर लागतो. छोटंसं यंत्र असतं, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला कॅसेटची खाच. मी जीबीएक्सकार्ट वापरतो आणि लॅपटॉपवर FlashGBX नावाचं फुकट सॉफ्टवेअर. आपल्या गावात हे दुकानात मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं, वेळ लागतो, पण ह्याच्याशिवाय सेल काढू नका एवढं ऐका माझं. तोपर्यंत कॅसेट तशीच ठेवलेली बरी, वीस वर्षं राहिली तर अजून महिना राहील. रीडर नसेल आणि दुसरी गोल्ड किंवा सिल्व्हर आणि दुसरा गेम बॉय आणि लिंक केबल मिळाली तर पोकेमॉन ट्रेड करून तिकडे पाठवता येतात, पण खेळाची बाकी प्रगती जाते.

कॅसेट रीडरमध्ये घालायच्या आधी पिना साफ करा. लहानपणी आपण सगळे फुंकर मारायचो, ती मारू नका, तोंडातली ओल पिनांवर बसते आणि पुढे गंज चढतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, काडी काळी होईल, दुसरी घ्या, पांढरी निघेपर्यंत. दादाच्या कॅसेटला पाच काड्या लागल्या. पूर्ण वाळू द्या.

रीडरवर व्होल्टेजचा स्विच असेल तर तो बघा. गेम बॉय आणि गेम बॉय कलरला ५ व्होल्ट, अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला ३.३. अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला ५ दिले तर ती खराब होऊ शकते. मग सॉफ्टवेअरमध्ये कॅसेटचं नाव नीट दिसतंय का बघा, नाव अर्धवट किंवा विचित्र अक्षरांत आलं तर पिना अजून घाण आहेत, तिथेच थांबा, पुन्हा पुसा. नाव बरोबर आलं की सेव डेटाचा बॅकअप घ्या. रॉमचा नाही, सेवचा. आणि बॅकअप घ्यायचा बटण आणि परत लिहायचा बटण शेजारी शेजारी असतात, तेव्हा घाईत क्लिक करू नका, इथे उलटं दाबलं तर पुढची सगळी मेहनत करायला काही उरणारच नाही.

एकदा घेऊन थांबू नका. कॅसेट काढा, परत घाला, दुसऱ्यांदा घ्या, आणि दोन फाइली एकमेकींशी ताडून बघा. इथे मी पहिल्या वेळी अर्धा तास घाबरलेलो कारण दोन फाइली जुळेचनात. कारण साधं होतं, सॉफ्टवेअर सेवच्या शेवटी घड्याळाची वेळ जोडतं, आणि दोन बॅकअपच्या मध्ये घड्याळ पुढे गेलेलं असतं, तर शेवटचे काही बाइट वेगळे येणारच. खरा सेव पहिले ३२,७६८ बाइट, तेवढेच ताडायचे. लिनक्स किंवा मॅकवर असं:

```
cmp -n 32768 gold1.sav gold2.sav
```

काहीच छापलं नाही म्हणजे जुळलं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये असं:

```
fc /b gold1.sav gold2.sav
```

ह्यात जिथे जिथे फरक आहे त्या जागा येतात. सगळे फरक 00008000 किंवा त्याच्या पुढे असतील तर ते घड्याळाचे, चालतंय. त्याच्या आधी एक जरी फरक आला तर वाचण्यात गडबड आहे, पिना साफ करून पुन्हा घ्या, दोनदा सारखं येईपर्यंत. मग ती फाइल एखाद्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर गेम बॉयचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून बघा. आम्ही उघडली आणि दादाचा टायफ्लोजन नावाचा पोकेमॉन तिथे होता, मग ती फाइल पेन ड्राइव्हवर, त्याच्या मेलवर, माझ्या मेलवर, सगळीकडे ठेवली, आणि तेव्हा कुठे स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

दुसरा टप्पा : सेल बदलणे

सामान गोळा करताना एक गोष्ट पक्की धरा: सेल पत्तीवाला हवा. म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना पातळ धातूच्या पत्त्या कारखान्यातच वेल्ड केलेल्या असतात. जेल रोडवर मी चार दुकानं फिरलो, तीन ठिकाणी साधा सेल हातात ठेवला, एकाने सांगितलं, "भिया, पत्ती वाला तो ऑनलाइन ही मिलेगा, इसी पे टांका मार देता हूं." त्याला नको म्हटलं, तुम्ही पण म्हणा. साध्या लिथियम सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवली तर सेलच्या आतली सील आणि पडदा वितळतो, सेल निम्मा मरतो, आणि फुगून फुटू पण शकतो तोंडासमोर. पत्ती असली की उष्णता पत्तीच्या टोकाला राहते. शेवटी ऑनलाइनच घेतला, आणि घेताना नामांकित कंपनीचा घेतला, कारण बिननावाचा सेल किती वर्षं पडून आहे कोणास ठाऊक.

जुन्या सेलच्या पत्त्या पक्कडीने सोलून नव्यावर लावायचा सल्ला पण मिळतो. त्यात पक्कड दोन्ही बाजूंना एकदम लागून सेल शॉर्ट होतो, आणि पत्ती लागली तरी चिकटवणार कशाने? तर परत सोल्डर किंवा टेप. टेपबद्दल बोलतो पुढे.

सेल आला की आधी मल्टिमीटरवर मोजा. नवा ३.१ ते ३.३ च्या मध्ये दाखवतो. माझा ३.२६ होता.

बाकी लागेल ते म्हणजे २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न टोकदार बिटची (तापमान लावता येत असेल तर ३३० ते ३५० डिग्री), ६०/४० चं बारीक सोल्डर वायर, सोल्डर नीट धरावं म्हणून रोझिनचा फ्लक्स, वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विक, आणि कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट. ह्या कॅसेटचा स्क्रू साधा नसतो, डोक्यावर सहा दाते उभे असतात, साधा पेचकस लागतच नाही. बॉलपेनची नळी तापवून त्यावर दाबून साचा करतात लोक, होतं पण, पण स्क्रूवर प्लास्टिक चिकटून बसलं की मग रडारड. गेमबिट स्वस्त आहे, मागवा. ४.५ चा मागवू नका, तो गेम मशीनच्या बॉडीसाठी असतो. आणि फ्लक्स म्हणून दुकानात जी ॲसिडवाली पेस्ट देतात भांडी झाळायची, ती बोर्डवर लावू नका, ती राहून राहून तांबं खाते.

स्क्रू काढला की झाकण लगेच उचलू नका, वरचा अर्धा भाग पिनांच्या दिशेला किंचित सरकवा, खाच सुटते, मग उचला. आत हिरवा बोर्ड, त्यावर गोल चमकता सेल. आधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती पत्ती कुठे जातेय ते स्पष्ट दिसेल असा. बोर्डवर + आणि – छापलेलं असतं, तरी फोटो काढा. मग जुना सेल मोजा, दादाच्या कॅसेटचा २.७१ व्होल्ट आला. आता ऐकायला वाटतं की ३ पैकी २.७१, म्हणजे नव्वद टक्के उरलाय. तसं नसतं. लिथियम सेल जवळजवळ सगळं आयुष्य ३ च्या आसपासच राहतो आणि शेवटी शेवटी कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. २.७ म्हणजे कडा लागलाय. एसरॅमला साधारण २ व्होल्टपर्यंत आठवण धरता येते, त्याखाली एकेक बिट सुटायला लागतो.

आता जुना सेल काढणं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हळू. पत्तीच्या टोकावर थोडा फ्लक्स लावा, आणि थोडं नवीन सोल्डर वितळवून जुन्यात मिसळा. हे उलटं वाटतं, काढायचंय तर घालायचं कशाला, पण वीस वर्षांचं सोल्डर लवकर वितळत नाही आणि नवीन मिसळलं की पटकन पाण्यासारखं होतं. ते चमकायला लागलं की चिमट्याने पत्ती अलगद वर, ओढायची नाही, फक्त आधार द्यायचा, वितळलं की ती आपोआप येते. तीन-चार सेकंदांत नाही सुटली तर आयर्न बाजूला घ्या, थंड होऊ द्या, पुन्हा करा. ओढाल तर पत्तीसोबत बोर्डवरचा तांब्याचा पॅड सालपटासारखा निघून येईल, आणि मग तार टाकून पुढच्या जोडाशी जुळवायचं काम लागेल. सेलच्या खाली पेचकस घालून उचकटणाऱ्यांचे बोर्ड मी बघितलेत, बघवत नाही.

दुसरी पत्ती तशीच. सेल निघाला. (सेव ह्या क्षणी गेला, पण आपल्याकडे लॅपटॉपवर आहे.) विकने दोन्ही पॅड सपाट करा, अल्कोहोलने पुसा.

नव्या सेलची आधी फक्त वजा बाजूची पत्ती लावा. पॅडवर थोडं सोल्डर, त्यावर पत्ती, वरून आयर्न दोन सेकंद, झालं. अधिकची पत्ती अजून लावू नका, कारण आता वीज किती जातेय ते मोजायचंय. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या खुणेवर ठेवा, लाल काटा सेलच्या अधिक पत्तीला, काळा बोर्डच्या + पॅडला, म्हणजे वीज मीटरमधून होऊन बोर्डात जाईल. इथेच माझा दीडचा आकडा आला. एक-दोन-चार मायक्रोअँपिअर आलं तर ठीक. पंधरा-वीस किंवा जास्त आलं तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा फ्लक्सची घाण पिनांच्या मध्ये राहिलेली असते, अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, वाळवा, पुन्हा मोजा. हे न करता सेल लावून टाकला तर तो एका वर्षात संपतो आणि मग लोक सेलला नावं ठेवतात.

आकडा बरा आला की अधिकची पत्ती लावा. लावल्यावर बघा की कोणती पत्ती शेजारच्या रेझिस्टरला किंवा चिपच्या पायाला टेकत तर नाहीये ना, टेकत असेल तर खाली उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपचा तुकडा सरकवा.

जोड बरोबर लागला का हे सेलवर मोजून कळत नाही, सेलवर तर ३.२ दाखवणारच. एसरॅमच्या पायावर मोजा. ती २८ पायांची चिप असते, कोपऱ्यातल्या खुणेपासून पहिला पाय, तिथून उलट्या घड्याळाच्या दिशेने मोजत जा, १४ नंबर म्हणजे ग्राउंड आणि २८ नंबर म्हणजे वीज. ह्या दोघांत सेलपेक्षा किंचितच कमी व्होल्टेज यायला हवं, कारण मध्ये रेझिस्टर आणि ती पहारेदार चिप आहे. शून्य किंवा एखादा व्होल्टच आला तर कुठला तरी टाका कच्चा आहे, वर चमकतोय पण खाली धरलेलं नाही. पुन्हा फ्लक्स लावून तापवा.

आता टेपबद्दल. ऑनलाइन खूप ठिकाणी दिसेल की जुन्या पत्त्या ठेवा, मध्ये साधा सेल सरकवा आणि काळ्या टेपने घट्ट बांधा, सोल्डरिंगची गरज नाही. होतं चालू, खरं आहे. पण ती पत्ती सेलला फक्त टेपच्या जोरावर टेकलेली असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून सैल पडतो. कॅसेट हातातून पडली, पत्ती क्षणभर सुटली, गेला सेव, आणि सेल मोजाल तर नवाकोरा. म्हणजे दोष कुठे आहे हे पण कळत नाही. काढता येणारं सॉकेट पण गेम बॉयच्या कॅसेटमध्ये मावत नाही नीट, आतलं प्लास्टिक कापावं लागतं. सीआर २०३२ घातला तर जास्त टिकेल असं पण काही जण करतात, वीज त्यात जास्त असते हे बरोबर, पण तो ३.२ मिलिमीटर जाड आहे, झाकण फुगतं आणि पत्तीवर दाब राहतो. मी तरी २०२५ च लावतो.

तिसरा टप्पा : सेव परत

कॅसेट बंद करा, स्क्रू हलक्या हाताने, प्लास्टिकची आटी जुनी आहे. रीडरमध्ये लावा आणि आता तो दुसरा बटण, सेव परत लिहायचा, आपली ताडून बघितलेली फाइल द्या. लिहून झालं की लगेच पुन्हा एकदा वाचून घ्या आणि मूळ फाइलशी वरच्याच कमांडने ताडा.

गेम बॉयमध्ये लावल्यावर CONTINUE येईल. त्यानंतर घड्याळ चुकलं असू शकतं असं सांगून गेम वेळ पुन्हा लावायला सांगू शकतो, ते साहजिक आहे, सेल नसताना घड्याळ थांबलेलं. वार आणि वेळ खरा घाला, कारण ह्या गेममध्ये बरंच काही वाराला बांधलेलं आहे. खेळून एकदा गेममधून सेव करा, आणि सेव करताना "DON'T TURN OFF THE POWER" दिसतंय तोवर बोट स्विचजवळ पण नको, कारण अर्धवट लिहिलेला सेव नव्या बॅटरीने पण वाचत नाही.

मग बंद, आणि रात्रभर तशीच. आम्ही बुधवारी हे सगळं केलं, दादाची परतीची फ्लाइट रविवारी होती. गुरुवारी सकाळी पोहे खाता खाता चालू केली, सेव होता. शुक्रवारी संध्याकाळी दादा गेममध्ये सर्फ करत युनियन केव्ह या गुहेच्या तळाशी गेला, तिथे लॅप्रस नावाचा पोकेमॉन फक्त शुक्रवारी दिसतो, आणि दिसला. म्हणजे एसरॅम पण धरतेय आणि घड्याळ पण बरोबर वारावर चालतंय, दोन्हींची तपासणी एका फेरीत झाली.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना टेप लावून वेगळा ठेवलाय, कचरा गाडीत ई-कचऱ्याच्या डब्यात द्यायला, मोकळा टाकला तर धातूला लागून तापतो. आणि कॅसेटच्या झाकणाच्या आत मार्करने सेल बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवलंय, दहा वर्षांनी जो कोणी उघडेल त्याला सेल मोजायच्या आधीच कळेल किती जुना आहे.